व्हार 24,400 आला, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त एवढंच बुडेल ना?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी भडगावचा, नोकरी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात. गेल्या सहा-सात वर्षांत साठवलेले 20 लाख रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहेत. दुसरीकडे फारसं काही नाही.

पुतण्याने मला एक शीट बनवून दिली. तीत निफ्टीचे गेल्या 500 ट्रेडिंग दिवसांचे रोजचे टक्के आहेत. ते 20 लाखांना लावले की प्रत्येक दिवसाचा नफा-तोटा रुपयांत येतो, आणि खाली हे सूत्र आहे:

```
=PERCENTILE.INC(B2:B501, 0.05)
```

उत्तर आलं उणे 24,400. पुतण्या म्हणाला, काका, हा तुमचा एका दिवसाचा 95 टक्क्यांचा व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे व्हार. मी घरी सांगून टाकलं की आपला एका दिवसाचा जास्तीत जास्त तोटा 24,400. बायकोने लगेच विचारलं, "मग पोरीच्या फीचे साडेतीन लाख जूनपर्यंत तिथेच राहू दिले तर चालतील?" मी हो म्हणालो. पण रात्री झोप लागली नाही. जाणकारांनी सांगावं, मी घरी बरोबर सांगितलं का?

धुळ्याचा_आर्टिकल

काका, मी सीए फायनलचा विद्यार्थी आहे. तुमची पद्धत चालेल, पण मोठ्या संस्था ती शास्त्रशुद्ध करतात. रोजच्या टक्क्यांचं प्रमाण विचलन काढायचं, त्याला 1.65 ने गुणायचं. निफ्टीचं विचलन साधारण 0.8 टक्के धरलं तर 1.32 टक्के येतात, म्हणजे 20 लाखांवर 26,400. तुमच्या आकड्याच्या जवळच आहे, म्हणजे शीट बरोबर आहे.

फी जूनमध्ये आहे ना? मग दिवसांच्या वर्गमुळाने गुणा. 60 ट्रेडिंग दिवस धरले तर 24,400 गुणिले साधारण 7.75, म्हणजे 1 लाख 89 हजार. तेवढा तोटा सोसता येत असेल तर राहू द्या.

सातपुडा_पायथा

गिरणाकाठ भाऊ, तुम्ही घरी सांगितलेलं वाक्य आजच बदला. बाकीचं सावकाश बोलू.

मी अकरा वर्षं मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत रिस्कच्या टेबलावर होतो, आता शहाद्याला घरी आहे. हा आकडा मी रोज संध्याकाळी काढून वर पाठवायचो. त्याचा अर्थ असा: 100 पैकी 95 दिवस तोटा 24,400 पेक्षा कमी राहील, आणि उरलेल्या 5 दिवशी तो 24,400 पेक्षा जास्त असेल. किती जास्त, हे तो सांगत नाही. तुम्ही ज्याला छत समजलात तो खरं तर उंबरठा आहे. वाईट दिवस त्याच्या पलीकडे सुरू होतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, शीटवरच करून बघा. तुमच्या 500 दिवसांत 4 जून 2024 असणार, लोकसभेच्या निकालाचा दिवस. त्या दिवशी निफ्टी 5.93 टक्के पडला. त्या ओळीत 5.93 च्या जागी 12.98 टाका. हा आकडा मनचा नाही, 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात तेवढाच पडला होता. मग खालचं उत्तर बघा. शेजारच्या खान्यात हे दुसरं सूत्रही टाका, ते उंबरठ्यापलीकडच्या दिवसांची सरासरी देतं:

```
=AVERAGEIF(B2:B501, "<="&PERCENTILE.INC(B2:B501, 0.05))
```

दोन्ही आकडे बदलाआधी आणि बदलानंतर इथे लिहा.

गिरणाकाठ

करून बघितलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काही चुकलं.

आधी: व्हार 24,400, दुसऱ्या सूत्राची सरासरी 36,200.
4 जूनच्या जागी 12.98 टाकल्यावर: व्हार 24,400. सरासरी 41,840.

म्हणजे एका दिवसात 1,18,600 च्या ऐवजी 2,59,600 बुडाले असं मी शीटला सांगितलं, आणि वरचा आकडा एका रुपयाने हलला नाही!

सातपुडा_पायथा

हेच. कारण तुमचं सूत्र काय करतं? 500 दिवस वाईटापासून चांगल्यापर्यंत रांगेत उभे करतं आणि पंचविसाव्याच्या आसपास बोट ठेवतं. त्याच्या अलीकडे चोवीस जण उभे आहेत. त्यांतला कोण किती मोठा आहे याच्याशी त्या बोटाला काही देणंघेणं नाही. पहिला माणूस दुप्पट उंच झाला तरी पंचविसावा तोच राहतो.

आणि तुमचं पोट बिघडवणारा माणूस नेमका पहिला आहे, पंचविसावा नाही.

दुसरं सूत्र त्या पंचवीसही जणांची सरासरी घेतं, म्हणून ते हललं. आम्ही त्याला एक्सपेक्टेड शॉर्टफॉल म्हणायचो. बँकांच्या बाझल नियमांतही 1996 पासून 99 टक्क्यांचा, दहा दिवसांचा व्हार होता. 2008 च्या धक्क्यानंतर ते नियम पुन्हा लिहिले गेले, तेव्हा बाजारजोखमीच्या भांडवलासाठी व्हारच्या जागी ही सरासरी घेतली गेली, 97.5 टक्क्यांवर.

आता आर्टिकल भाऊंना. तुमचा 26,400 त्यांच्या 24,400 च्या जवळ आला म्हणून शीट बरोबर ठरत नाही. तुमच्या 1.65 मागचा घंटेच्या आकाराचा वक्र 95 टक्क्यांच्या जागी बऱ्यापैकी बसतो. तो फाटतो टोकाला. तुमच्याच 0.8 टक्के विचलनाने 5.93 ला भागा, सात विचलनांच्या पुढे जाल. त्या वक्रावर असा दिवस विश्वाच्या आजवरच्या वयात एकदाही यायला नको. आणि इथे 17 मे 2004 ला निफ्टी 12.24 टक्के पडला, 2020 मध्ये 12.98, 2024 मध्ये 5.93. वीस वर्षांत तीनदा, आणि मी फक्त ठळक तेवढे सांगतोय.

रावेर_केळी

राम राम. शेअरमधलं मला काही कळत नाही, पण जोखमीचं चाललंय म्हणून विचारतो. माझी 5,000 खोडं आहेत. पोराने कॉलेजात हेच शिकून रावेरच्या केळीच्या रोजच्या भावावरून माझाही व्हार काढला. क्विंटलच्या भावाची दोन वर्षांची चढउतार घेतली आणि म्हणतो, बाबा, तुमची रोजची जोखीम फार नाही.

अरे पण मले भावाची भीती आहे का? मे-जूनात अर्ध्या तासाचं वादळ येतं आणि घडासकट बाग आडवी होते. तीनशे दिवस काही होत नाही, मग एका संध्याकाळी सगळं. फळपीक विमा आहे, पण वाऱ्याचा वेग त्यांच्या हवामान केंद्रावर नोंदला गेला तर. माझ्या बागेत झाड पडलं हे त्याला दिसत नाही. पोराचा आकडा बरोबर कसा?

सातपुडा_पायथा

अप्पा, पोराने हिशेब बरोबर केला, पण चुकीच्या वहीवरून केला.

त्याने घेतली भावाची वही. वादळ त्या वहीत नाहीच. उलट वादळाने तालुक्यातल्या बागा पडल्या की माल कमी येतो आणि भाव चढतो. म्हणजे तुमची बाग झोपली तो आठवडा त्याच्या शीटमध्ये फायद्याचा म्हणून नोंदला जातो. सर्वांत वाईट दिवस चांगल्या बाजूला जाऊन बसतो, म्हणून आकडा लहान आला.

ही गोष्ट शेअरवाल्यांनीही नीट वाचावी. व्हार फक्त तेवढीच जोखीम मोजतो, जिची रोज किंमत लिहिली जाते. जिची रोज किंमत होत नाही, ती शीटमध्ये शून्य दिसते. कमी म्हणून दिसत नाही, शून्य म्हणून दिसते.

भुसावळ_जंक्शन

हा धागा मला दोन वर्षांपूर्वी सापडायला हवा होता. माझी गोष्ट लिहितो, कोणाच्या कामी आली तर.

मी निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन विकायचो. रोजचा नफा-तोटा वहीत लिहायचो, 230 दिवसांची नोंद होती. बहुतेक दिवस हजार-दीड हजार मिळायचे, कधी चार-पाच हजार जायचे. त्या नोंदीवरून 95 टक्क्यांचा व्हार काढला होता: 6,000. खात्यात 7 लाख होते. 6,000 ची जोखीम म्हणजे काहीच नाही असं वाटायचं.

3 जून 2024 ला एक्झिट पोलवर निफ्टी 23,264 ला बंद झाला. मी 6 जूनच्या मुदतीचा 22,500 चा पुट 10 लॉट विकला, म्हणजे मुदतीला निफ्टी 22,500 च्या खाली असला तर फरक मी भरायचा. तेव्हा लॉट 25 चा होता, म्हणजे 250 नग. प्रीमियम मिळाला 70 रुपयांनी, एकूण 17,500. बाजार साडेसातशे अंकांहून जास्त पडला तरच अडचण होती, आणि तीनच दिवस होते.

4 तारखेला दुपारी निफ्टी 21,281 पर्यंत गेला. मार्जिनचा फोन सकाळीच आला होता, पैसे टाकेपर्यंत पुन्हा आला. शेवटी ब्रोकरच्या जोखीम विभागाने, आरएमएसने, निफ्टी 21,450 च्या आसपास असताना माझा पुट 1,100 रुपयांना परत घेऊन टाकला. तोटा 1,030 गुणिले 250, म्हणजे 2,57,500.

आणि आता जे अजून गिळलं जात नाही ते. निफ्टी त्याच दिवशी 21,884 ला बंद झाला, 5 तारखेला 22,620, आणि 6 तारखेला मुदतीच्या दिवशी 22,821. माझा 22,500 चा पुट शून्य झाला. मी धरून ठेवू शकलो असतो तर 17,500 माझेच होते. मग चूक कुठे होती? व्हार 6,000 चा होता आणि गेले अडीच लाख.

धुळ्याचा_आर्टिकल

दादा, वाईट वाटलं. पण तुम्ही सगळं एकाच ठिकाणी लावलं होतं. विविधता आणली असती तर व्हार कमी झाला असता. पोर्टफोलिओचा व्हार नेहमी वेगवेगळ्या व्हारच्या बेरजेपेक्षा कमीच येतो.

सातपुडा_पायथा

जंक्शन भाऊ, तुमच्या गोष्टीत तीन वेगवेगळ्या आंधळ्या जागा एकाच दिवशी एकत्र आल्या. एकेक करून बघू.

पहिली: तुम्ही व्हार काढला तुमच्या जुन्या नोंदींवरून. त्या 230 दिवसांत तुमच्याकडे वेगळे स्ट्राइक होते, वेगळे लॉट होते. 3 जूनच्या संध्याकाळी तुमच्याकडे जे होतं, त्याची जोखीम त्या वहीत नव्हतीच. करायला हवं होतं उलटं: आजचा सौदा घ्यायचा, जुन्या प्रत्येक दिवसाची निफ्टीची हालचाल त्याला लावायची, आणि प्रत्येक वेळी पुटची किंमत नव्याने काढायची. हे केलं असतं तर काय दिसलं असतं? निफ्टी 1.22 टक्के पडला तर 22,980 वर येतो, तुमचा स्ट्राइक अजून 480 अंक खाली. तोटा होतो, पण फार नाही. तोच 5.93 टक्के पडला तर पुटमध्ये निव्वळ आतलं मूल्यच 615 रुपये होतं. इंडेक्स फंडाचा तोटा सरळ रेषेत वाढतो. विकलेल्या ऑप्शनचा आधी सपाट चालतो आणि मग कड्यावरून खाली जातो. व्हारचं बोट बहुतेक वेळा सपाट भागावर असतं. म्हणून ऑप्शन विकणाऱ्याचा व्हार कायम सुंदर दिसतो. उंबरठ्याच्या पलीकडे ढकलता येईल तेवढा धोका पलीकडे ढकलला की आकडा गोड होतो.

दुसरी: 4 जून कॅलेंडरवर आधीच छापलेला होता. निकाल त्या दिवशी आहे हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. पुढे किती चढउतार होईल हा बाजाराचा अंदाज सांगणारा इंडिया व्हिक्स आदल्या संध्याकाळी 21 च्या आसपास होता, म्हणजे बाजार स्वतः सांगत होता की उद्याचा दिवस नेहमीसारखा नाही. पण 500 दिवसांच्या शीटला उद्या आणि मागच्या वर्षातला एखादा निवांत बुधवार यांत फरक कळत नाही. तिच्या लेखी सगळे दिवस सारखे.

तिसरी तुम्हाला सर्वांत जास्त लागली. व्हार बंद भावापासून बंद भावापर्यंत मोजतो. दुपारचं 21,281 त्याच्या हिशेबात नाहीच. आणि तुम्ही टिकाल की नाही हे बंद भाव ठरवत नव्हता, दुपारचं मार्जिन ठरवत होतं. तुमचा अंदाज चुकला नव्हता, पुट शून्यच झाला. चुकलं हे की मुदतीपर्यंत पोचायला जेवढे पैसे हाताशी हवे होते, तेवढे नव्हते. तो आकडा व्हार देत नाही. तो वेगळा काढावा लागतो: एवढा पडला तर मार्जिन किती मागतील, आणि माझ्याकडे त्या तासाला किती असेल.

अमळनेर_ताई

आमच्या गावात जुने विप्रोचे शेअर पिढ्यान्पिढ्या धरून ठेवलेली घरं आहेत, त्यामुळे "सगळं एकाच ठिकाणी" यावर आमच्याकडे फार बोलू नये. पण मी एका छोट्या पतसंस्थेच्या कर्ज समितीवर आहे, म्हणून आर्टिकलच्या शेवटच्या वाक्याबद्दल विचारते. पोर्टफोलिओचा व्हार नेहमी कमी येतो, हे खरं आहे का? आम्हाला प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं.

सातपुडा_पायथा

ताई, घंटेच्या वक्रावर खरं आहे. तुमच्या कर्जांवर नाही. छोटं उदाहरण घ्या.

एक लाखाचं एक कर्ज, पूर्ण बुडण्याची शक्यता वर्षाला 4 टक्के. 95 टक्क्यांचा व्हार किती? शून्य. कारण 96 टक्के वेळा काहीच बुडत नाही आणि आपलं बोट 95 वर आहे. आता दुसऱ्या माणसाला तसंच दुसरं कर्ज द्या, एकमेकांशी संबंध नसलेलं. दोन्ही नीट फिटण्याची शक्यता 0.96 गुणिले 0.96, म्हणजे 92.16 टक्के. निदान एक बुडण्याची शक्यता 7.84 टक्के, पाचाच्या वर गेली. म्हणून दोघांचा मिळून व्हार एक लाख.

आणि तेच दोन लाख एकाच माणसाला दिले तर? शक्यता पुन्हा 4 टक्के, व्हार पुन्हा शून्य.

म्हणजे हा आकडा समितीला सांगतो की दोघांत वाटू नका, एकालाच द्या. चाळीस वर्षं पतसंस्था चालवणारा कोणताही माणूस याच्या उलट सांगेल, आणि तोच बरोबर आहे.

अमळनेर_ताई

हे मी समितीपुढे फळ्यावर मांडणार. पण आमची कर्जं एकमेकांशी संबंध नसलेली नाहीतच. निम्मे कर्जदार कापसाचे. एका वर्षी पाऊस गेला की सगळे एकदम मागे पडतात.

सातपुडा_पायथा

मग तुमची जोखीम माझ्या उदाहरणापेक्षा मोठी आहे. शांत वर्षांच्या आकडेवारीत ते कर्जदार वेगवेगळे दिसतील, वाईट वर्षी ते एकच माणूस असतील.

धुळ्याचा_आर्टिकल

सर, कर्जाचं उदाहरण मान्य. पुस्तकात ते एका ओळीत होतं, मी पुढे गेलो. पण वर्गमुळाच्या नियमावर मी ठाम आहे. बाझलमध्येसुद्धा एका दिवसाचा व्हार दहाच्या वर्गमुळाने गुणून दहा दिवसांचा करायला परवानगी होती.

सातपुडा_पायथा

होती, खरं आहे. पण नियमात परवानगी असणं वेगळं आणि पोरीच्या फीवर वापरणं वेगळं. वर्गमुळ चालतं ते आजचा दिवस कालच्या दिवसाशी बोलत नसेल तर, आणि रोजची चंचलता सारखी राहत असेल तर. घाबरलेल्या बाजारात दोन्ही मोडतात.

आकड्यांनी बघा. 20 फेब्रुवारी 2020 ला निफ्टी 12,080 ला बंद झाला, 23 मार्चला 7,610 ला. मधे 20 ट्रेडिंग दिवस. घसरण 37 टक्के. गिरणाकाठ भाऊंचे 20 लाख तेव्हा असते तर 7 लाख 40 हजार गेले असते. तुमचं सूत्र त्यांच्या आजच्या व्हारवर लावा: 24,400 गुणिले 20 चं वर्गमुळ, साधारण 1 लाख 9 हजार. सात पट फरक आहे. आता तुम्ही 60 दिवसांना 1 लाख 89 हजार म्हणालात, तो आकडा त्या बाईंना सांगायची माझी हिंमत होणार नाही.

धुळ्याचा_आर्टिकल

2020 ची साथ शंभर वर्षांतून एकदा येते. ती धरून रोजचे निर्णय घेतले तर कोणीच शेअर घेणार नाही. मग व्हार काढायचाच कशाला? तुम्ही अकरा वर्षं काढत होतात ना?

सातपुडा_पायथा

प्रश्न रास्त आहे, आणि मी व्हारच्या विरोधात नाही. आमच्याकडे त्याचं खरं काम वेगळंच होतं. सगळ्या टेबलांचे रोखे, डॉलर, शेअर एका मापात येत. कालचा 4 कोटी आज 7 झाला तर कोणीतरी उठून विचारायचं, का? तो प्रश्न विचारायला लावणं हे त्याचं मोल. "जास्तीत जास्त किती" हे उत्तर त्याच्याकडे कधीच नव्हतं.

दुसरं, त्याची परीक्षा घेता येते. आज आकडा ठरवून ठेवा आणि पुढचे 250 दिवस मोजा, तो किती वेळा ओलांडला गेला. 95 टक्क्यांवर बारा-तेरा वेळा अपेक्षित. बँकांना 99 टक्क्यांवर 250 दिवसांत चारपर्यंत माफ असायचं, दहा झाले की मॉडेल लाल यादीत. पण गिरणाकाठ भाऊ, ज्या 500 दिवसांवरून आकडा काढला त्याच दिवसांवर मोजू नका, तिथे 25 येणारच, शीट बनवलीच तशी आहे. आणि संख्येबरोबर तारखाही बघा. बारा ओलांडण्या वर्षभर विखुरल्या असतील तर ठीक. आठ एकाच महिन्यात असतील तर मॉडेल झोपलं होतं, मोजणी पास झाली तरी.

एक धोका मात्र आत बसलेल्या माणसालाच दिसतो. आकडा एकदा मर्यादा झाला की लोक धोका कमी करत नाहीत, आकडा कमी करतात. जेपी मॉर्गनच्या लंडनच्या टेबलाने जानेवारी 2012 मध्ये मॉडेल बदललं आणि त्यांचा व्हार जवळपास निम्मा झाला. सौदे तेच होते, वाढतच होते. पुढे तोटा 6 अब्ज डॉलरच्या वर गेला. तपासात असंही निघालं की नव्या मॉडेलच्या एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं होतं, त्यामुळे चंचलता कमी दिसत होती. एका शीटमधली चूक होती, पण आकडा हवा त्या दिशेला गेला म्हणून ती कोणाला खटकली नाही.

गिरणाकाठ

सर्वांचं वाचलं, काल रात्री घरी पुन्हा बसलो. बायकोला सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो. 24,400 ही वाईट दिवसाची सुरुवात आहे, शेवट नाही. तिने एकच विचारलं, "शेवट किती?" मी 37 टक्के सांगितले. साडेतीन लाख काढून घ्यायचं तिथेच ठरलं. जूनपर्यंत ते एफडीत राहतील.

उरलेल्या साडेसोळा लाखांसाठी शीट ठेवणार आहे. पण हिशेब करताना एक लक्षात आलं. शीटमध्ये 500 दिवस आहेत आणि रोज वरती एक नवा दिवस आला की खालचा एक निघतो. म्हणजे या जूनमध्ये कधीतरी 4 जून 2024 बाहेर पडणार. मी तो काढून बघितला. जुन्या 20 लाखांवर व्हार जवळपास तोच राहिला, पण सरासरी 36,200 वरून 32,400 वर आली. त्या दिवशी बाजारात काही घडणार नाही, माझ्याकडे काही बदलणार नाही, आणि शीट म्हणेल जोखीम कमी झाली?

सातपुडा_पायथा

हो, म्हणेल. हे तुम्ही स्वतः शोधलं याचा मला फार आनंद झाला. आमच्याकडे नव्या मुलांना हे दाखवून द्यावं लागायचं.

आणि हे माझ्या आवडत्या दुसऱ्या सूत्राचं दुखणं आहे हेही मान्य करतो. ती सरासरी पंचवीसच दिवसांवर उभी आहे, त्यातला एक मोठा आला-गेला की डोलते. व्हार टोकाकडे बघत नाही म्हणून स्थिर दिसतो, सरासरी टोकाकडे बघते म्हणून हलते. मी दोन्ही शेजारी ठेवतो, आणि त्यांच्या खाली 23 मार्च 2020, 17 मे 2004, 4 जून 2024 हे दिवस वेगळ्या ओळींत कायमचे लिहून ठेवतो. आजची रक्कम त्यांना लावायची. ते दिवस कधी बाहेर पडत नाहीत.

धुळ्याचा_आर्टिकल

पण सर, मग कोणते दिवस कायमचे ठेवायचे हे तुम्ही तुमच्या मनाने निवडलंत. 500 दिवसांची खिडकी निदान सर्वांना सारखी आहे. 2004 चा बाजार आजच्यासारखा नव्हता, तेव्हाचे 12 टक्के आज का धरायचे? आणि 1992 का नाही?

सातपुडा_पायथा

निवड माझीच आहे, ते नाकारत नाही. 1992 का नाही याला माझ्याकडे धड उत्तर नाही. लांब खिडकी घेतली तर आजचा बदल उशिरा कळतो, छोटी घेतली तर जुना मार विसरला जातो. आमच्या टेबलावर यावर दर वर्षी भांडण व्हायचं आणि दर वर्षी अर्धवट सुटायचं.

रावेर_केळी

पोराला वाचून दाखवलं. तो आता भावाची वही बाजूला ठेवून वेगळी वही करतोय. आमच्या शिवारात गेल्या वीस वर्षांत कोणत्या साली वारं झालं आणि किती खोडं पडली, म्हाताऱ्यांना विचारून लिहितोय. आतापर्यंत पाच वर्षं निघाली, दोघा जणांच्या साली जुळत नाहीत. वीसच ओळी झाल्या तर त्यावरून टक्के काढता येतात का हो?

भुसावळ_जंक्शन

मलाही तेच विचारायचं होतं, निकालाच्या दिवसांबद्दल. ते तर पाच वर्षांतून एकदा.